एप्रिलचा आकडा आणि जूनची भरती

मंडळी, रत्नागिरीत बसून ऑनलाइन हापूस विकणारी, दरवर्षी दुप्पट होणारी एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. तिचं बजेट फेब्रुवारीत ठरतं, कारण १ एप्रिलला आर्थिक वर्ष सुरू होतं. झाडावर किती फळ टिकेल, हे तेव्हा बागायतदारही छातीठोकपणे सांगत नाही.

वार्षिक बजेटची मांडणी सोपी. एप्रिल ते मार्च असे बारा स्तंभ, ओळींमध्ये विक्री, खरेदी, पॅकिंग, पगार, जाहिरात. महिना संपला की बजेट, प्रत्यक्ष आणि फरक. बजेटचा आकडा वर्षभर हलत नाही.

समजा, एप्रिलसाठी ४,००० डझन, विक्रीदर १,२०० रुपये आणि खरेदी ७०० धरली. विक्री ४८ लाख, डझनामागे सुटतात ५००, म्हणजे २० लाख. अवकाळी पावसाने माल कमी आला. ३,००० डझन गेले, दर १,५०० मिळाला, पण खरेदी १,०५० वर गेली. विक्री ४५ लाख. फरक तीनच लाखांचा, म्हणून सगळे निर्धास्त! प्रत्यक्षात सुटले साडेतेरा लाख. साडेसहा लाख गळाले, आणि मे महिन्याचं काय, यावर बजेट गप्प.

यावर उपाय रोलिंग फोरकास्टचा, म्हणजे दर महिन्याला पुढे सरकणारा अंदाज. त्यात वर एक छोटा तक्ता असतो: डझन, विक्रीदर, खरेदीदर, माणसं. रुपयांच्या ओळी त्यातूनच सूत्राने येतात. एप्रिल संपला की त्याचे प्रत्यक्ष आकडे भरून तो स्तंभ कुलूपबंद करायचा, शेवटी पुढचा एप्रिल जोडायचा. पुढचे बारा महिने कायम दिसले पाहिजेत. आता मेचे ५,००० डझन ३,२०० करा, सुटणारे पैसे ४५० धरा. पंचवीस लाखांऐवजी १४.४ लाख. दोन महिन्यांची तूट १७.१ लाख. जूनमध्ये तीन माणसं घ्यायची होती, तो निर्णय मेच्या पहिल्या आठवड्यातच पुढे ढकलता येतो.

घोळ होतो तो नवा स्तंभ जोडताना. मार्चचा आकडा ओढून एप्रिलला लावला, की हंगामच पुसला जातो. तो मागच्या एप्रिलवरून काढायचा, आणि मागचा एप्रिल अवकाळीचा असेल तर तेही लक्षात घ्यायचं. दुसरं, फोरकास्टलाच टार्गेट केलं तर विक्रीवाला आकडा मुद्दाम कमी सांगतो. टार्गेट बजेटमध्येच राहू द्या. बजेट खोडूही नका, गुंतवणूकदार आणि बँक तेच मागतात.

दर महिन्याची फोरकास्टची प्रत वेगळी जपून ठेवा. तीन महिन्यांपूर्वी या महिन्यासाठी काय म्हटलं होतं, ते प्रत्यक्षाशेजारी लावा. चूक कधी वर, कधी खाली असेल तर चालेल. सलग चार-पाच महिने विक्री जास्तच धरली जात असेल, तर आकडे कोण देतं, ते आधी बघा.