‘तसलं काही मनात नाही ना?’ असं विचारू नका

नमस्कार. हेल्पलाइनवर नव्यानं बसणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आजचं हे बोलणं आहे. पण रेडिओ कुणीही ऐकत असतं. तुमच्यापैकी कुणाच्या मनात सध्या जीव द्यायचे विचार येत असतील, तर पुढचं ऐकण्याआधी फोन उचला आणि १४४१६ लावा. हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता एक कॉल घेऊ. तो प्रशिक्षणासाठी रचलेला आहे, पण असे कॉल येतात. रात्रीचे दोन वाजलेत. फोन करणाऱ्याला मंगेश म्हणू. वय अठ्ठावीस, गाव बीडकडचं. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो आणि एमपीएससीची तयारी करतो. पूर्वपरीक्षेचा निकाल लागलाय, यादीत नाव नाही. त्याचं पहिलं वाक्य असतं, “काही विशेष नाही ताई, झोप येत नव्हती म्हणून लावला.”

दोन वाजता अनोळखी माणसाला फोन लावणं विशेषच असतं, पण ते त्याला बोलून दाखवायचं नाही. “बरं केलंत. आज झोप कशानं उडाली?” एवढं विचारायचं आणि थांबायचं. नवा स्वयंसेवक इथं घाबरतो. पलीकडे पाच-सात सेकंद आवाज आला नाही की त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं, आणि तो शांतता भरून काढायला बोलायला लागतो. ती शांतता मंगेशची आहे, तो शब्द शोधतोय. मधूनच हलकेच “हं, ऐकतेय मी” म्हटलं की पुरे.

मग तो सांगतो: मेसचे पैसे थकलेत, वडिलांनी यंदाही उसने घेऊन पाठवले, गावात सगळे ‘साहेब कधी होणार’ विचारतात. “माझ्यामुळं घरचे बुडाले.” अशा वेळी आपल्या तोंडी हमखास येणारं वाक्य म्हणजे “अहो, आई-वडिलांचा तरी विचार करा.” ते गिळून टाका. तो दुसरा कसला विचार करतोय? आपण घरच्यांवर ओझं आहोत, हेच तर त्याच्या डोक्यात बसलंय. तुमच्या वाक्यानं त्यात अपराधीपणाची भर पडते. त्यापेक्षा त्याचंच त्याला परत द्या: “घरच्यांचे पैसे, गावातले प्रश्न आणि वर हा निकाल. सगळं एकट्यानं धरून बसलाय तुम्ही.” बरोबर असेल तर तो पुढं बोलेल. चुकलं असेल तर तो दुरुस्त करेल, आणि तेही चांगलंच.

थोड्या वेळानं तो म्हणतो, “आता सगळं संपलेलंच बरं.” इथं प्रश्न विचारायचाच. आपल्याकडे तो कसा विचारला जातो? “तसलं काही मनात नाही ना तुमच्या?” यात उत्तर आधीच भरवलेलं आहे. तो ‘नाही नाही’ म्हणतो, तुम्ही सुटकेचा श्वास सोडता आणि त्याला कळतं की हे इथंही बोलायचं नाही. म्हणून सरळ विचारा: “मंगेश, सगळं संपावं म्हणताय, तर आत्महत्येचा विचार येतोय का मनात?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. बऱ्याचदा समोरचा मोकळा होतो, कारण कुणीतरी तो शब्द न अडखळता उच्चारलेला असतो.

मंगेश “हो” म्हणतो. मग पुढचे प्रश्न, एकेक करून, चौकशीचा सूर न लावता. नुसतं झोपेतून उठूच नये असं वाटतं, की स्वतःला संपवायचं असं येतं? कसं करायचं याचा विचार झालाय का? ते साधन जवळ आहे का? कधी करायचं ठरवलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होता, गेल्या तीन महिन्यांत काही केलं? आत्ता दारू घेतलीय का, खोलीत कुणी आहे का? विचार आहे पण बेत नाही, हा एक टप्पा. बेत आहे, साधन हाताशी आहे आणि करायचंच असं मनात आहे, हा पार वेगळा. अलीकडचा प्रयत्न किंवा दारू असेल तर धोका आणखी वर धरायचा. मात्र ‘कमी धोका’ असं उत्तर निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. हे अंदाज फक्त त्या घटकेपुरते असतात.

मंगेशनं साधन आणून कपाटात ठेवलंय. काय, ते मी रेडिओवर सांगणार नाही. आज करायचं ठरवलेलं नाही, दारू घेतलेली नाही, आधीचा प्रयत्न नाही. मधेच तो घाबरून विचारतो, “हे पोलिसांत जाईल का?” उत्तर साधं आहे: मनात विचार येणं हा गुन्हा नाही. आणि प्रयत्न केलेल्या माणसालाही २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तीव्र ताणाखालचा मानतो, शिक्षा नाही तर मदत मिळावी म्हणतो. पण ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्यानं काही केलेलंच असेल किंवा तो आत्ताच करायला निघाला असेल, तर पत्ता विचारून १०८ किंवा ११२ ला कळवावं लागतं. तेव्हा सुरक्षा योजना लिहीत बसायचं नसतं. लगेच वरिष्ठांना खूण करायची आणि लाईन सोडायची नाही.

आता सुरक्षा योजना, म्हणजे असे विचार पुन्हा आले तर काय करायचं ते आधीच लिहून ठेवणं. “आईची शपथ घ्या, काही करणार नाही म्हणा,” हे करू नका. अशी वचनं माणसाला वाचवतात याला आधार नाही, उलट पुढच्या वेळी तो लाजेनं फोनच करत नाही. वापरायची ती स्टॅन्ली आणि ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची सहा पायऱ्यांची योजना. मंगेशला वही घ्यायला सांगा आणि त्याच्याच शब्दांत लिहू द्या. या विचारांची लाट येतेय हे कशावरून कळतं? तो म्हणतो, “यादी पुन्हा पुन्हा उघडून बघतो, जेवत नाही.” तेव्हा एकट्यानं काय करता येतं? आंघोळ, जुनी भजनं. मन दुसरीकडं वळेल अशी जागा, माणसं? अभ्यासिकेखालचा चहावाला. सगळं सांगता येईल असं कोण? बराच वेळ तो गप्प राहतो, मग म्हणतो, “मोठी ताई. औरंगाबादला असते.” पाचवी पायरी व्यावसायिक मदतीची: १४४१६ आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग.

सहाव्या पायरीसाठी सगळ्यात जास्त वेळ ठेवा. साधन दूर करणं. जीव घ्यायची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. त्या वेळात हाताशी काही नसणं यावर खूप काही अवलंबून असतं. मंगेश म्हणतो, “मी टाकून देतो.” तेवढ्यावर भागवू नका. कोण, कधी, कसं? “रूममेट झोपलाय, पण त्याला उठवू शकतो.” मग लाईनवर थांबा, उठवू द्या. रूममेट ते स्वतःजवळ घेतो आणि सकाळपर्यंत शेजारी झोपतो, इथवर गोष्ट आली पाहिजे. प्रत्येक ओळीपाशी विचारा: “हे जमेल? आड काय येईल?” ताईला एवढ्या रात्री फोन नको वाटत असेल, तर सकाळी सातची वेळ लिहून घ्या.

फोन ठेवण्याआधी त्याची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी कधी फोन करायचा ते ठरवा. त्या कॉलमध्ये अभ्यासाबद्दल आधी विचारू नका. ताईशी बोलणं झालं का, कपाटातलं ते कुठं आहे आणि रात्री विचार पुन्हा आले का, हे तीन प्रश्न आधी. आणि मंगेशचा फोन ठेवल्यावर लगेच पुढचा कॉल घेऊ नका. पाच मिनिटं वरिष्ठांशी बोला, नोंद पूर्ण करा, मगच हेडफोन पुन्हा कानाला लावा.