शेवटच्या सीटपर्यंत चार्जिंग

नमस्कार मंडळी. आज एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून कोल्हापूरला निघालेली सात सीटची गाडी, माणसं सहा, फोन सहा. पुढे गाडी चालवणारा मुलगा आणि सून, मधल्या रांगेत आई, बाबा आणि आत्या, आणि मागच्या रांगेत कॉलेजात जाणारी नात, बॅगांच्या शेजारी. सिन्नर, संगमनेर, पुणे, सातारा असं करत, चहा-जेवण धरून नऊ-दहा तास लागतात. बाबांचा साधा बटणांचा फोन आहे, सुनेचा जुना आयफोन, बाकी चौघांचे टाइप-सीचे अँड्रॉइड.

अशा वेळी बहुतेक जण दुकानात जाऊन सर्वांत जास्त वॅटचा आणि सर्वांत जास्त पोर्टचा चार्जर मागतात. माझं म्हणणं असं आहे, की हिशोब मागच्या सीटवरून पुढे करत यावा. वीज कमी पडते ती बहुधा चार्जरमध्ये नाही, तिथून मागे जाणाऱ्या केबलमध्ये.

आधी गरज किती ते पाहू. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-अवर वीज मावते. स्क्रीन चालू ठेवून नकाशा लावला की फोन साधारण ३ ते ५ वॅट खातो. चार धरले, तर नऊ तासांत ३६ वॅट-अवर, म्हणजे जवळजवळ दोन पूर्ण बॅटऱ्या, एकट्या नकाशाच्या फोनला लागतात. घाटात नेटवर्क क्षीण झालं की टॉवर पकडायला फोन जास्त जोर लावतो, तेव्हा आणखी. बाकीच्यांचं तसं नाही. रात्री घरी पूर्ण चार्ज केलेला आईंचा फोन दिवसभरात एकदा अर्धा तास लावला तरी पुरतो. म्हणून नकाशाच्या फोनला दिवसभर स्वतःचं पोर्ट, आणि बाकीच्यांनी आळीपाळीने लावायचं.

इथे एक फसगत नेहमी होते. डॅशबोर्डवर गाणी लावायला जे यूएसबी पोर्ट दिलेलं असतं, ते अनेक गाड्यांत फक्त अर्धा अँपिअर देतं. ५ व्होल्ट गुणिले ०.५, म्हणजे अडीच वॅट. नकाशा चार वॅट खातोय आणि आत अडीच येताहेत. स्क्रीनवर चार्जिंगची खूण दिसते, आणि तरी नारायणगाव येईपर्यंत बॅटरी उतरत गेलेली असते. फोनवर ‘स्लो चार्जिंग’ असं आलं, की समजायचं हे पोर्ट गाण्यांसाठी आहे, नकाशासाठी नाही. म्हणून चार्जर लावायचा तो लायटरच्या सॉकेटमध्ये, १२ व्होल्टवर.

त्या सॉकेटच्या झाकणावर बऱ्याचदा १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. आपल्या सहा फोनांना ते भरपूर आहे. अडचण येते ती चार्जरच्या वाटणीत. समजा डब्यावर ६५ वॅट लिहिलंय. ते बहुतेक वेळा सगळ्या पोर्टांची बेरीज असते, किंवा एकच पोर्ट वापरलं तर मिळणारी ताकद. दुसरी केबल लावली की ४५ आणि २०, तिसरी लावली की आणखी खाली, अशी विभागणी होते. डब्याच्या मागे बारीक अक्षरात तिचा तक्ता असतो, तो वाचूनच चार्जर घ्यावा. आपल्याला पाहिजे ते इतकंच: तिन्ही पोर्टं एकदम चालू असताना दोन टाइप-सी पोर्टांवर प्रत्येकी १८-२० वॅट, आणि जुन्या रुंद यूएसबी पोर्टावर १०-१२. चार-पाच रुंद पोर्टांचे चार्जर दिसायला भरगच्च असतात, पण त्यातल्या पुष्कळांत सगळी पोर्टं मिळून एकच ५ व्होल्ट वाटून घेतात. चार फोन लावले की चौघेही उपाशी.

आणखी एक वागणूक माहीत असू द्या. वाटणी बदलताना बरेच चार्जर क्षणभर सगळी पोर्टं बंद करून पुन्हा चालू करतात. आत्यांनी केबल लावली की पुढचा फोनही टुंग करून एकदा तुटतो आणि जोडला जातो. ते बिघडल्याचं लक्षण नाही. पण रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तसं होत असेल, तर चार्जर सॉकेटमध्ये सैल बसतोय. टोकाची स्प्रिंगची पिन आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नीट टेकत नाहीत. अशा सैल टेकणीतून वीज गेली की तिथे उष्णता तयार होते. पंधरा मिनिटांनी बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तो चार्जर त्या सॉकेटला चालणारा नाही.

आता केबल. मधल्या रांगेतल्या मांडीपर्यंत पोहोचायला दोन मीटर लागते. दोन मीटर केबल म्हणजे जायची तार दोन मीटर आणि यायची दोन, एकूण चार मीटर तांबं. स्वस्त केबलीत वीज नेणारी तार २८ गेजची असते. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास, चार मीटरला ०.८५. त्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटले तर १.७ व्होल्ट वाटेतच गळतात आणि पाचातले ३.३ उरतात. फोन इतकं कमी होऊ देत नाही. व्होल्टेज ढासळतंय हे कळताच तो स्वतःच ओढणं कमी करतो, अर्ध्या-पाऊण अँपिअरवर येतो, आणि मग हातात तीनच वॅट. चार्जर उत्तम, फोन उत्तम, आणि तरी आई म्हणतात, “माझा फोन काही भरत नाही बाई!”

उपाय दोन आहेत, आणि दोन्ही एकदम करायचे. पहिला, तार जाड घ्या. चांगल्या केबलीच्या अंगावर `28AWG/1P+24AWG/2C` असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला `24AWG/2C` हा शेवटचा भाग वीज नेणाऱ्या दोन तारांचा, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. २४ गेजला त्याच चार मीटरला ०.३४ ओहमच रोध येतो. दुसरा उपाय अधिक मोलाचा: लांबचा पल्ला ५ व्होल्टवर न्यायचाच नाही. टाइप-सी ते टाइप-सी केबल आणि पॉवर डिलिव्हरीचा, म्हणजे पीडीचा चार्जर असेल, तर फोन आणि चार्जर आपसांत ठरवून ९ व्होल्टवर जातात. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर, २४ गेजची तार: गळती ०.७ व्होल्टची आणि फोनपर्यंत सोळा-साडेसोळा वॅट पोहोचतात. अंतर तेच, आणि मिळकत पाचपट. म्हणून मागे जाणारी केबल टाइप-सी ते टाइप-सी, ६० वॅटची, आणि रुंद यूएसबीची केबल फक्त पुढच्या सीटला, एक मीटरची.

तीन तोंडांच्या केबलीबद्दल विचारलं जातं. तिच्यात तिन्ही तोंडं बहुधा एकाच ५ व्होल्टवर असतात, पीडीची बोलणी होत नाहीत. बाबांच्या मायक्रो यूएसबीच्या फोनला ती पुरेशी आहे, कारण त्याची बॅटरी जेमतेम हजार एमएएचची. तिच्यावर तीन स्मार्टफोन टांगू नका. आणि ज्यांच्या फोनबरोबर घरी ६७ किंवा ८० वॅटचा कंपनीचा चार्जर आला आहे, त्यांनी गाडीत त्या वेगाची अपेक्षा ठेवू नये. ती पद्धत त्या कंपनीची स्वतःची असते. दुसऱ्या चार्जरवर असा फोन कधी १० वॅटवर येतो, कधी १८ किंवा २७ वर. आपला कुठे थांबतो हे घरी लावून पाहावं.

तर आपल्या गाडीची मांडणी अशी. पहिलं टाइप-सी पोर्ट, एक मीटर केबल, नकाशाचा फोन. दुसरं टाइप-सी पोर्ट, दोन मीटर केबल, मधली रांग. रुंद पोर्ट, एक मीटर लायटनिंग केबल, सुनेचा आयफोन, आणि तो भरला की त्याच पोर्टावर तीन तोंडांच्या केबलीने बाबांचा. मागच्या रांगेपर्यंत केबल ओढायचीच नाही. तिथे १०००० एमएएचची पॉवर बँक आणि वीतभर केबल द्यायची. तिच्या पोटात ३७ वॅट-अवर असतात, त्यातले पंचवीस-तीस प्रत्यक्ष मिळतात, म्हणजे नातीचा फोन एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं. दुपारी आई आणि आत्या यांचे फोन भरले, की मधली दोन मीटरची केबल पॉवर बँकेला लावायची. ती १८ वॅट घेणारी असेल तर अडीच-तीन तासांत पुन्हा तयार होते.

मधल्या रांगेत पाळी लावताना ८० टक्क्यांना केबल काढून पुढच्याला द्यावी. वीस ते ऐंशी टक्के व्हायला १६ वॅटवर पाऊण ते एक तास लागतो, पण शेवटच्या वीस टक्क्यांसाठी फोन स्वतःच वेग कमी करतो आणि केबल उगाच अडकून पडते.

केबल टाकताना ती गिअर आणि हँडब्रेकच्या वरून न्यायची नाही आणि पेडलच्या बाजूला सोडायची नाही. मधल्या कन्सोलच्या कडेने, डाव्या अंगाने, दोन वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधून न्या. सीट सरकते त्या रुळांत केबल गेली की पहिल्यांदा सीट मागे घेतानाच चेमटते. आतली तार अर्धी तुटली तर केबल एका कोनात चालते, दुसऱ्या कोनात बंद पडते. ती चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, टाकून द्या.

नकाशाचा फोन काचेला चिकटवून उन्हात ठेवला, तर पोर्ट कितीही चांगलं असो, तापला की तो चार्जिंग थांबवतो. त्याला एसीच्या जाळीवर बसवा. वायरलेस होल्डरने उष्णता आणखी वाढते, तेव्हा दुपारच्या प्रवासात तारच बरी. जेवायला थांबताना पॉवर बँक बंद गाडीत ठेवू नका, पिशवीत घालून बरोबर न्या.

शेवटचं फ्यूजचं. मागे दुसरं १२ व्होल्टचं सॉकेट असेल तर ते आणि पुढचं एकाच फ्यूजवर आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवा. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप एकटाच १० अँपिअरपर्यंत ओढू शकतो. तो लावताना चार्जर काढायचा, नाहीतर फ्यूज उडतो आणि सगळी सॉकेटं एकदम मुकी होतात. त्याच आकड्याचे दोन फ्यूज कप्प्यात ठेवा: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लालच्या जागी पिवळा घालायचा मोह आवरा, कारण मग जादा वीज ओढली गेली तर फ्यूजऐवजी आतली वायर जळते.

निघायच्या आधीच्या रविवारी सगळं लावून सिन्नरपर्यंत एक फेरी मारा. तिन्ही पोर्टं भरलेली, नकाशा चालू, नकाशाचा फोन ५० टक्क्यांवर. सिन्नरला पोहोचेपर्यंत आकडा वर गेला असेल तर ठीक. जिथे होता तिथेच असेल तर आधी केबल बदलून बघा, मग चार्जर.