९:१५ ही वेळ कुठून आली?

(दृश्य: फोनच्या पडद्यावर तक्ता, बोट सावकाश खाली सरकतं.)

स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीचा हा तक्ता पालकांच्या हाती आला आहे. ग्रुपचं नाव, मुलाला पोचवायची वेळ, न्यायची वेळ, आणि शेवटी पोशाखाचा रुंद रकाना. चौथी ओळ पाहा. दुसरीतली चोवीस मुलं, पाखरांचा नाच. पोचवायची वेळ ९:१५, न्यायची ११:४५. नाच मात्र चारच मिनिटांचा.

(दृश्य: वहीत पेन्सिलीने मांडलेला हिशोब.)

हा हिशोब उलटा मांडतात. ग्रुप १०:४० ला रंगमंचावर हवा, म्हणजे १०:३० ला विंगेत रांग लागलेली हवी. त्याआधी झगा आणि पंख चढवायला वीस मिनिटं, म्हणजे मेकअप १०:१० ला संपायला हवा. मेकअपला तीन जणी आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला आठ मुलं आणि एका चेहऱ्याला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं. झाले ९:३८. हजेरी आणि स्वच्छतागृहाची फेरी धरली की ९:२५. उरलेली दहा मिनिटं गेटवरच्या गर्दीला दिलेली. असे ९:१५.

(दृश्य: स्वच्छतागृहाबाहेर रांग. मग पंख बांधणारे हात.)

स्वच्छतागृहाची फेरी आधी, कारण झग्याची चेन पाठीवर आहे आणि पंखांचे इलॅस्टिकचे पट्टे तिच्यावरून जातात. एकदा पंख बांधले की चेन उघडत नाही. पंख सगळ्यात शेवटी, कारण ते घालून खुर्चीत टेकून बसता येत नाही. बसलं की तार वाकते. झगा डोक्यातून न घालता पायांकडून वर चढवायचा, म्हणजे केलेला मेकअप पुसला जात नाही. घरून येताना पुढून बटणं असलेला शर्ट घालून या, असं तक्त्यात लिहिलंय ते याचसाठी. टी-शर्ट घालून आलेल्या मुलाच्या गालावरचा रंग तो काढताना कॉलरला लागतो.

(दृश्य: टेबलावर दोन ढीग. एकीकडे पंख, दुसरीकडे नाव लिहिलेल्या पिशव्या.)

पोशाखाच्या रकान्यात खरं तर दोन रकाने हवेत: शाळा काय देणार आणि घरून काय आणायचं. इथे ते केलंय. झगा, पंख आणि डोक्यावरची पट्टी शाळेची. घरून पांढरं बनियन, अंगाच्या रंगाची लेगिंग आणि नाव लिहिलेली कापडी पिशवी. हा फरक लिहिला नाही तर काही घरांत पंख विकत आणले जातात आणि ते ग्रुपच्या पंखांशी जुळत नाहीत. पालकांचा खर्च निष्कारण वाढतो, हेही आलंच.

‘अंगाच्या रंगाची’ एवढ्यावर भागत नाही. एकाच नावाखाली दुकानात गुलाबीपासून तपकिरीपर्यंत छटा असतात आणि रंगमंचाच्या दिव्याखाली फिकट छटा पांढरीच दिसते. म्हणून सोबत नमुन्याचा फोटो, तोही दिवसाउजेडी काढलेला.

(दृश्य: लाकडी रंगमंचावर मुलांचे पाय.)

पायांत काय घालायचं याची जागा रिकामी ठेवली की निम्मी मुलं मोजे घालून येतात. गुळगुळीत लाकडावर नुसते मोजे घसरतात. ‘अनवाणी, मोजे नकोत’ एवढे तीन शब्द पुरतात. केसांबद्दलही तसंच. तेल लावलेल्या केसांवर पट्टी टिकत नाही, म्हणून ‘केस धुऊन, घट्ट बांधून’.

(दृश्य: तालीम. रांगेत एक जागा रिकामी.)

कोणी उशिरा आलं की रांगा तिथल्या तिथे बदलाव्या लागतात.

(दृश्य: मुलं विंगेत उतरतात. पंखांवरचे आकडे.)

आता दुसरी वेळ. नाच दोनदा होतो, एकदा जागा पक्क्या करायला, एकदा दिवे आणि आवाजासाठी. अकराच्या सुमारास मुलं खाली येतात. पंख सोडवून त्यांच्यावरचा क्रमांक यादीशी ताडायला पंधरा मिनिटं, घरचे कपडे घालायला आणखी पंधरा. साडेअकरा झाले. तालीम रेंगाळली तर हाताशी असावीत म्हणून वर पंधरा मिनिटं धरली, की ११:४५. पुढच्या ग्रुपची न्यायची वेळ १२:०५, म्हणजे दोन्हीकडचे पालक एकाच वेळी गेटवर येत नाहीत. ११ ला नाच संपतो असं मुलाकडून कळलेले पालक ११ ला येऊन उभे राहतात. त्यांच्यासाठी तक्त्याखाली ‘वेळेआधी मूल सोडलं जाणार नाही’ ही ओळ ठळक अक्षरात हवी.

एक मूल दोन ग्रुपमध्ये असेल तर त्याच्यासाठी वेगळी ओळ लागते. पोचवायची वेळ दोन्हींतली आधीची, न्यायची नंतरची, आणि मधल्या वेळात ते कोणत्या वर्गात बसेल हेही.

(दृश्य: पुन्हा तक्ता, वरच्या कोपऱ्यात ‘सुधारित २’.)

तक्ता बदलला की जुना फोनमध्ये तसाच राहतो. म्हणून वरच्या कोपऱ्यात ‘सुधारित २’ आणि तारीख लिहायची, बदललेल्या ओळीला रंग द्यायचा आणि त्या ग्रुपच्या पालकांना वेगळा निरोप पाठवायचा.