बटन दाबलं, मशीन हललं नाही

(बडोद्यातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

दांडिया बाजारात, तेही रविवारी संध्याकाळी, कारखान्याच्या ट्रेनिंग व्हिडिओबद्दल ऐकायला इतकी मंडळी येतील असं मला वाटलं नव्हतं. समोरचे निम्मे तरी मकरपुरा नाहीतर नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतले दिसताहेत, तेव्हा मशीन म्हणजे काय हे सांगत बसत नाही. माझं काम पटकथा लिहिण्याचं. आज एकाच पटकथेबद्दल बोलणार आहे, कारण तिच्यात मी एक मोठी चूक केली होती.

विषय होता रिबन ब्लेंडर. पावडर मिसळायचा लांबट हौद, आत आडव्या दांड्यावर फिरणारी पोलादी पट्टी, वर झाकण, खाली माल सोडायचा व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह हवेच्या सिलिंडरवर चालतो. पावडर अडकली की झाकण उघडून ती खरवडून काढायची. हात आत जाण्याआधी मशीन बंद करून त्याला कुलूप कसं घालायचं, एवढंच व्हिडिओत दाखवायचं होतं. माणूस आत उतरणार असेल तर त्याचा परवाना वेगळा आणि व्हिडिओही वेगळा. ते दोन्ही एकात कोंबू नका.

या कामाचा क्रम नवा नाही. अमेरिकेत कामगारांची सुरक्षितता बघणाऱ्या ओशा या सरकारी संस्थेचा १९१०.१४७ हा नियम १९८९ साली आला, त्यातही हाच क्रम आहे: मशीन थांबवा, वीज तोडा, कुलूप आणि टॅग लावा, साठलेली शक्ती सोडा, आणि शेवटी मशीन खरंच मेलंय का ते तपासा. मी तो पाठ केला होता. पहिल्या मसुद्यात माझी माणसं लाल इमर्जन्सी बटन दाबत होती, मशीनची वीज तोडणारा आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप घालत होती, झाकण उघडत होती आणि मग स्टार्ट दाबून बघत होती. मशीन हललं नाही की निवेदक म्हणायचा, ‘आता काम सुरक्षित आहे.’

शूटिंगच्या आदल्या दिवशी मशीनपाशी हा मसुदा वाचून दाखवला. तिथले एक जुने फिटर ऐकत होते. म्हणाले, ‘बेन, ढांकणुं बंध करीने बटन दबावो ने!’ मला वाटलं, आता झाकणाचं काय मध्येच? मग त्यांनी समजावलं. झाकणाला इंटरलॉक स्विच असतो. झाकण उघडं असलं की वीज चालू असली तरी मशीन सुरू होत नाही. लाल बटन दाबलेलं असलं तरी तेच. म्हणजे मी घेतलेली परीक्षा नापास होऊच शकत नव्हती. समजा कुलूप शेजारच्या मशीनच्या आयसोलेटरला लागलं असतं, तरी माझ्या पटकथेत बटन दाबून काहीच हललं नसतं आणि निवेदकानं ‘सुरक्षित’ म्हणून टाकलं असतं. हे तपासणं मुळात असतं ते चुकीचं कुलूप पकडण्यासाठीच.

मग क्रम फिरवला. झाकण बंदच ठेवायचं. नेहमीच्या स्टॉप बटनानं मशीन थांबवायचं, आयसोलेटरला स्वतःचं कुलूप घालायचं, हवा सोडायची. आजूबाजूची माणसं लांब करायची, लाल बटन दाबलेलं असेल तर फिरवून बाहेर काढायचं, रीसेट करायचं आणि मगच स्टार्ट दाबायचा. स्टार्टचा स्विच पुन्हा बंद स्थितीत आणायचा. झाकण सगळ्यात शेवटी. झाकणाची ओळ यादीत खाली सरकली.

हवेचं थोडं सविस्तर सांगते, कारण ती दिसत नाही. ब्लेंडरच्या हवेच्या लाइनीत साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तर पुढची हवा सिलिंडरपर्यंत अडकून राहते. मोटार मेलेली असते, पण खालचा व्हॉल्व्ह अजून बोट छाटू शकतो. म्हणून बंद केल्यावर पुढची हवा बाहेर सोडणारा, कुलूप घालता येणारा व्हॉल्व्ह तिथे हवा. कॅमेऱ्यानं हँडल दाखवून भागत नाही, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत त्यावर थांबलं पाहिजे. दिग्दर्शक इथे हटकून कापतात, त्यांना तो वेळ रिकामा वाटतो. मी पटकथेत लिहून ठेवते: काटा शून्यावर येईपर्यंत शॉट तोडू नये. स्टार्ट दाबून हवेबद्दल काही कळत नाही हेही निवेदनात हवं. विजेची खात्री बटनानं, हवेची गेजनं.

आता इशाऱ्यांकडे येते. पटकथेच्या कागदाला दोन रकाने असतात, डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. इशारा दोन्हीकडे कृतीच्या आधीच्या ओळीत बसतो. ‘झाकण उघडा. सावधान, पट्टी फिरत असू शकते’ असं लिहिलं तर ऐकणाऱ्याचा हात तोवर झाकणावर गेलेला असतो. आणि नुसत्या ‘सावधान’नं काही होत नाही. धोका काय, त्यानं काय होईल आणि काय करायचं, ही तिन्ही हवीत: ‘कुलूप चुकीचं असेल तर आता मशीन सुरू होईल. पट्टीत सापडलेला हात तुटतो. सगळ्यांना पिवळ्या रेषेबाहेर काढा.’ मग दोन सेकंद शांतता आणि मगच बटन. असे इशारे या व्हिडिओत मी तीनच ठेवले. साहेबांना हेल्मेटपासून बुटांपर्यंत अकरा हवे होते. प्रत्येक ओळीवर भोंगा वाजला तर माणसं भोंगा ऐकणं सोडतात, म्हणून हेल्मेट-बूट सुरुवातीच्या एकाच चित्रात घातले.

प्रश्नासाठी व्हिडिओ कुठे थांबवायचा, यात लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. शेवटी पाच प्रश्न टाकले की झालं असं समजतात. मी चूक घडू शकते त्या जागी थांबते, पण मशीन स्थिर असतानाच, कारण कोणी मोबाइलवर व्हिडिओ लावून शेजारी काम करत असेल तर अर्धवट अवस्थेत त्याला लटकत ठेवायचं नाही. या व्हिडिओत चित्र गोठतं: कुलूप लागलंय, कामगाराचं बोट स्टार्टवर आहे, मशीन हललेलं नाही. आवाज विचारतो, ‘आता झाकण उघडायचं का?’ चित्राच्या कोपऱ्यात लाल बटन अजून दाबलेलं दिसतंय. ते ज्याला दिसलं त्यालाच उत्तर येतं. ‘पायरी चौथी कोणती?’ असल्या प्रश्नाला पाठांतर पुरतं.

प्रश्न दोनदा वाचायचा, मग दहा सेकंद काही बोलायचं नाही. हॉलमध्ये वीस जण असतील तर पहिल्या रांगेतला एक ओरडतो आणि बाकीचे माना डोलावतात. त्यामुळे पटकथेतच शिकवणाऱ्यासाठी ओळ असते: व्हिडिओ थांबवा, ‘हो’साठी उजवा हात, ‘नाही’साठी डावा, सगळ्यांचे एकदम. चुकीच्या हातांना लगेच उत्तर सांगायचं नाही, तोच शॉट पुन्हा दाखवायचा.

आवाज हिंदीत ठेवला, कारण त्या पाळीत गुजराती, बिहारी, ओडिया सगळेच होते. लिहून झाल्यावर मशीन कधी न पाहिलेल्या एका हेल्परला उभं केलं, मी वाचत गेले आणि तो ऐकेल तेवढंच करत गेला. कुलूप हातात घेऊन तो ‘पॅनेलकडे जा’वर अडला. भिंतीवर सारख्या रंगाचे दोन पॅनेल होते. त्या ओळीत आता पॅनेलचा नंबर आहे, आणि कॅमेरा आधी मशीनवरचा नंबर दाखवतो, मग पॅनेलवरचा.