भाव कोण ठरवतं? एका कांद्याच्या ट्रॉलीमागचे तीन बाजार

[दृश्य: पहाट. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा.]

लासलगाव, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. अजून पुरतं उजाडलेलं नाही आणि आवार भरत आलंय. ट्रॉल्यांमध्ये उन्हाळ कांदा आहे. या ट्रॉलीतला कांदा शेजारच्या ट्रॉलीत मिसळला, तर मालकालाही तो ओळखून काढता यायचा नाही. विकणारे खूप, माल सारखा आणि भाव सगळ्यांच्या कानावर. अर्थशास्त्रात याला पूर्ण स्पर्धा म्हणतात.

[दृश्य: लिलाव. फाळका उघडतो, कांदा ओघळतो.]

समितीचा कर्मचारी पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे. फाळका उघडला की थोडा कांदा खाली येतो. व्यापारी तो हातात घेऊन आकार, रंग आणि पत्ती बघतात, कोंब आलाय का हे तपासतात. पहिली बोली लागते, कुणीतरी वर चढवतं, आणि मिनिटभरात भाव चिठ्ठीवर लिहून होतो.

समजा, भाव निघाला १,४०० रुपये क्विंटल. शेतकरी म्हणाला, मला १,५०० पाहिजेत. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो, कारण तसाच कांदा तिथे १,४०० ला मिळतोय. म्हणून हा शेतकरी किंमत ठरवत नाही, फक्त स्वीकारतो. त्याने २० क्विंटल आणले काय किंवा ४० आणले काय, आवारातला भाव हलत नाही. मात्र भाव वाढल्याचं ऐकून सगळ्यांनीच दुसऱ्या दिवशी कांदा साठवलेल्या चाळी उघडल्या, तर आवक वाढते आणि भाव पडतो. भाव पाडायचं कुणाच्याच मनात नसतं, तरी तो पडतो.

[दृश्य: घोळक्यातले चेहरे, एकेक करून.]

आता कॅमेरा उलट्या बाजूला वळवूया आणि खरेदीदार मोजूया. विकणाऱ्यांच्या मानाने ते फार थोडे आहेत. पुस्तकातली पूर्ण स्पर्धा दोन्ही बाजूंना गर्दी मागते. इथे ती एकाच बाजूला आहे. लिलावात हे ओळखायची एक खूण आहे. पहिली बोली आणि शेवटची बोली यांत जेमतेम अंतर असेल आणि ट्रॉलीमागून ट्रॉली असंच होत असेल, तर चढाओढ नावापुरती आहे का, हे विचारायला हवं. एकट्या या खुणेने संगनमत सिद्ध होत नाही, कारण सगळ्यांचा अंदाज खरोखर सारखाही असू शकतो.

भाव ठरला तरी काम संपत नाही. गाडी वजनासाठी भुईकाट्यावर आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथे माल ओतताना ‘खालचा कांदा वेगळा निघाला’ म्हणत भाव कमी करायला सांगितलं, की त्याला वांधा म्हणतात. त्या वेळी ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते. परत भरून न्यायची तर मजुरी पुन्हा द्यावी लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्क आणि इतर मागण्यांसाठी नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. थोडे असले की एकत्र थांबता येतं. हजारो शेतकऱ्यांना ते जमत नाही. चाळीतला कांदा तेवढे दिवस सडत राहिला.

[दृश्य: ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल.]

हा त्याच माणसाचा दुसरा बाजार. इथे तो गिऱ्हाईक आहे आणि विकणारे मोजकेच. याला अल्पाधिकार म्हणतात. २०२४ च्या जूनअखेरीस जिओने दरवाढ जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्हीआयनेही केली. जिओचा २८ दिवसांचा सर्वांत स्वस्त प्लॅन १५५ वरून १८९ वर गेला, बाकी दोघांचा १७९ वरून १९९ वर. यासाठी बंद खोलीत बैठक व्हावीच लागते असं नाही. एकट्याने भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती प्रत्येकाला असते. पहिला पुढे सरकला की दुसऱ्यांची भीती कमी होते. कांदेवाल्याला शेजारच्या ट्रॉलीचा मालक कोण, हेही माहीत नसतं. इथे मात्र प्रत्येक कंपनी बाकीच्यांवर डोळा ठेवून असते.

[दृश्य: घराच्या भिंतीवरचा वीजमीटर, बाहेर खांब.]

आणि ही मक्तेदारी. या घरात येणारी तार एकच, महावितरणची. दुसऱ्या कंपनीने शेजारी खांब उभे केले, तर खर्च दुप्पट आणि गिऱ्हाइकं तेवढीच. म्हणून दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधीच्या सुनावणीत ग्राहकाला हरकत घेता येते. बिलावर ‘वहन आकार’ ही वेगळी ओळ असते. ते तारेचं भाडं. मुंबई उपनगरात अदानी किंवा टाटा असा पर्याय आहे, पण तिथेही टाटाची वीज घेणाऱ्या कित्येक घरांत ती अदानीच्या तारेवरूनच येते आणि वहन आकार तारेच्या मालकाला जातो.

[दृश्य: संध्याकाळ. हिशोबपट्टी, रिकामी ट्रॉली.]

हिशोबपट्टी हातात आली. यातूनच रिचार्ज आणि वीजबिल भरायचं. चाळीत अजून दोन ट्रॉल्या कांदा आहे. तो परवा आणायचा की थांबायचं, हे उद्याचे भाव ऐकून ठरेल.