दीडशे नावं आणि सहा भेटी

आत्ता समोरच्या रांगेतून प्रश्न आला, ‘फेसबुकच्या फॉर्मवर रोज लीड येतात, पण फोन केला की लोक म्हणतात, आम्ही काही भरलंच नाही.’ आपण सगळे इंटिरियरची कामं करणारे, तेव्हा आज याच एका गोष्टीवर बोलते. हा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. इन्स्टाग्राम बघता बघता त्याला तुम्ही केलेल्या किचनचा फोटो आवडला, त्याने बटण दाबलं. पुढे आलेल्या फॉर्ममध्ये नाव, फोन, ईमेल त्याच्या प्रोफाइलमधून आधीच भरलेले होते. दोनदा अंगठा टेकवला, झालं. दोन तासांनी तुमचा फोन जातो तेव्हा त्याला ते आठवतही नाही. कधी तर प्रोफाइलमधला नंबर जुना, बंद पडलेला असतो.

लँडिंग पेजवर, म्हणजे जाहिरात दाबल्यावर उघडणाऱ्या तुमच्या स्वतःच्या वेबपानावर, असं सहसा घडत नाही. तिथे नंबर स्वतः टाइप करावा लागतो, आणि त्याआधी चार फोटो, कामाची पद्धत, साधारण खर्च डोळ्यांखालून गेलेला असतो. म्हणून लीड कमी येतात आणि महाग पडतात.

वाकडमधली एक डिझायनर डोळ्यांसमोर आणा. नवीन टू बीएचकेची पूर्ण कामं घेते, 8 लाखांच्या खाली घेत नाही. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून मी धरलेले आहेत. जाहिरातीला 30,000 रुपये. साध्या फॉर्मवर 200 रुपयांना एक याप्रमाणे 150 नावं आली. त्यात न उचलणारे, भाड्याच्या घरात राहणारे, नुसता वॉर्डरोब हवा असलेले, इंटर्नशिप मागणारे विद्यार्थी, प्लायवूड विकणारे. शेवटी प्रत्यक्ष भेटी झाल्या 6, म्हणजे एक भेट 5,000 रुपयांना. त्याच पैशात पेजवर 750 रुपयांना एक अशी 40 नावं आली आणि भेटी झाल्या 8. एक भेट 3,750 रुपयांना पडली. शिवाय पहिल्या मार्गात 150 जणांना दोन-तीनदा फोन करण्यात गेलेले दिवस जाहिरातीच्या बिलात दिसत नाहीत. तेव्हा लीडचा भाव बघू नका, भेटीचा बघा.

मग फॉर्म बंदच करायचा का? माझं मत, नाही. आधी तो थोडा अवघड करा. फॉर्म बनवताना ‘More volume’ऐवजी ‘Higher intent’ निवडलं की पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायचा एक टप्पा येतो. चुकून भरणारे बरेच तिथे गळतात. मग तीन प्रश्न टाका, फक्त तीन. घर कुठल्या भागात आहे? ताबा मिळाला का, की मिळायचाय, आणि कधी? पूर्ण घर करायचंय की एखादी खोली? यातला एक तरी प्रश्न हाताने टाइप करायचा ठेवा. प्रोफाइल त्याचं उत्तर भरू शकत नाही.

बजेट मात्र विचारू नका, सांगा. पहिल्यांदा घर करणाऱ्याला इंटिरियरला किती लागतात हे खरंच ठाऊक नसतं. तो सगळ्यात खालचा पर्याय निवडतो आणि तुम्ही चांगला माणूस गाळून बसता. त्याऐवजी फॉर्मच्या सुरुवातीलाच लिहा: ‘टू बीएचकेचं पूर्ण काम आमच्याकडे 8 लाखांपासून सुरू होतं.’ ज्याला झेपणार नाही तो स्वतःहून मागे फिरेल, आणि त्याचाही वेळ वाचेल.

फॉर्म आला की लगेच, तो अजून मोबाइल हातात धरून असतानाच व्हॉट्सॅप करा: ‘फ्लॅटचा फ्लोअर प्लॅन पाठवाल का? बिल्डरच्या ब्रोशरमधला चालेल.’ ज्याने खरंच फ्लॅट घेतलाय त्याच्याकडे तो असतोच. प्लॅन आला की फोन करा. दोन दिवस काहीच आलं नाही तर एकदा आठवण द्या आणि ते नाव मागे ठेवा. माझ्या अनुभवात याच्याइतकी चांगली चाळणी दुसरी नाही.

पेज करणार असाल तर दोन चुका टाळा. फोटोग्राफरने दिलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका. मोबाइलवर पान उघडायच्या आत माणूस परत गेलेला असतो. जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये ‘Link clicks’ भरपूर आणि ‘Landing page views’ खूपच कमी दिसले, तर पहिला संशय यावरच घ्या. दुसरं, पिक्सेलचा, म्हणजे पानावर बसवलेल्या मेटाच्या मोजणी कोडचा, ‘Lead’ इव्हेंट बटणावर लावू नका, फॉर्म पोचल्यावर उघडणाऱ्या आभाराच्या पानावर लावा. नाहीतर अर्धवट सोडून गेलेलेही लीड म्हणून मोजले जातात, आणि जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरवणारी मेटाची यंत्रणा पुढे तशीच माणसं शोधत राहते.

‘मग थेट भेटीच मोजायला लावू’ असं कुणी म्हणेल. विचार बरोबर आहे, पण यंत्रणेला नीट शिकायला एका अ‍ॅड सेटमागे आठवड्याला साधारण 50 नोंदी लागतात, असं मेटाच सांगते. आपल्या भेटी महिन्याला सहा-आठ. तेवढ्यावर ती शिकू शकत नाही. म्हणून लहान बजेटमध्ये मोजणी लीडचीच ठेवा, आणि गाळणी फॉर्मच्या प्रश्नांत नि व्हॉट्सॅपवर ठेवा. कुठल्या जाहिरातीतून आलेल्या माणसाने प्लॅन पाठवला, हे एका वहीत लिहीत जा. महिन्याने ती वही उघडून कोणती जाहिरात बंद करायची ते ठरवा.