हापूसची आगाऊ नोंदणी: पत्रक आणि मेसेज

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या बागेतला हापूस थेट पुण्या-मुंबईच्या घरात पोहोचवायचा, तर आधी दोन गोष्टी लिहाव्या लागतात. एक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचं पत्रक, दुसरी व्हॉट्सॲपवरचा मेसेज. बरेच बागायतदार दोन्हींत एकच मजकूर छापतात: अस्सल, नैसर्गिक, गोडवा, परंपरा वगैरे. गिऱ्हाईक ते वाचतं आणि फोन करून विचारतं, "अहो, पण येणार कधी? पेटीत किती?"

म्हणून आधी नोंदणी कधी उघडायची ते बघू. मोहोर आल्यापासून फळ तोडणीला यायला साधारण चार महिने लागतात, आणि त्या काळात थ्रिप्स, करपा, अवकाळी पाऊस, गळ हे सगळं येऊन जातं. मोहोराचा फोटो टाकून पैसे घेणं त्यामुळे मला पटत नाही. कैरी अंड्याएवढी झाली, की झाडावर फिरून अंदाज घ्यावा. समजा, 300 डझन निघतील असं वाटलं, तर नोंदणी 180 डझनांचीच घ्यावी. उरलेलं फळ नंतरच्या गिऱ्हाइकाला सहज जातं, पण कबूल केलेलं फळ कमी पडलं तर आणायचं कुठून?

तारखेचंही तसंच. 18 एप्रिल असं लिहू नका, आठवडा लिहा. एक अपवाद, अक्षय्य तृतीया. त्या दिवसासाठी सगळ्यांनाच आंबा हवा असतो, तेव्हा त्या फेरीत किती खोके आहेत तो आकडा पत्रकावरच छापा.

आता मेसेज. रत्नागिरीजवळच्या बागेसाठी मी तो असा लिहीन:

"नमस्कार. आमच्या बागेतला हापूस. पहिली फेरी एप्रिलचा तिसरा आठवडा, दुसरी मेचा पहिला. एका खोक्यात दोन डझन. प्रत्येक फळ भरताना 225 ते 250 ग्रॅम. आंबा कच्चा येईल, घरी साधारण आठवड्याभरात पिकेल. किंमत सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचवून, वेगळं भाडं नाही. खोक्यामागे 300 रुपये आगाऊ. आमच्याकडून फळ पोचलं नाही तर पूर्ण परत. नोंदणीसाठी एवढंच कळवा: नाव, इमारत, फ्लॅट, किती खोके, कोणती फेरी."

यात "भरताना" हा शब्द मुद्दाम आहे. पिकताना फळातलं पाणी उडतं, वजन घटतं. पिकलेला आंबा काट्यावर ठेवला तर 210 ग्रॅमही भरेल, आणि मग वाद. आमच्याकडे चौदा आणे तयार फळ घळीने देठासकट उतरवतात आणि ते आढीत पिकतं. शहरातल्या घरी आढी कुठली? म्हणून खोक्यासोबतच्या चिठ्ठीत लिहा: खोका उघडून हवेशीर जागी ठेवा, रोज एकदा फळं तपासा, पिवळी झालेली आणि वास सुटलेली आधी खा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवला तर तो नीट पिकत नाही, हेही लिहा.

साक्याचं काय? साका बाहेरून ओळखता येत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तो दडवू नका. "साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवा, पुढच्या फेरीत तेवढी फळं देऊ," असं मेसेजातच एक वाक्य टाका. शेवटच्या फेरीला "पुढची फेरी" नसते, तिथे पैसे परत असं लिहा.

पत्रकावर मजकूर कमी. बागेचं नाव, गाव, दोन फेऱ्या, खोक्यातला माल, किंमत, एक फोन नंबर, बस्स. पैसे घ्यायचा क्यूआर कोड बोर्डावर लावू नका, त्याच्यावर दुसराच चिकटवायला वेळ लागत नाही. तो फक्त नोंदणी केलेल्याला, तुमच्या नंबरवरून पाठवा. "कार्बाइडमुक्त" असं ठळक छापायचीही गरज नाही. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. त्यापेक्षा "कच्चा येईल" हे दोन शब्द जास्त सांगून जातात. आणि 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं असलं, तरी त्याचा शिक्का छापायचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यालाच आहे. तुमची नोंदणी नसेल तर गावाचं नाव लिहा, ते पुरतं.

वाटपाच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक छोटा मेसेज जाऊ द्या: "उद्या सकाळी 9 ते 11, बी विंगच्या फाटकाशी. यादीत तुमचे 2 खोके. बाकी रक्कम तिथेच." घरी कोणी नसेल तर खोका कोणाकडे ठेवायचा, हे त्याच मेसेजात विचारून घ्या. नाहीतर वॉचमनच्या केबिनमध्ये उन्हात चार खोके पडून राहतात आणि संध्याकाळी फोन तुम्हालाच येतात.